मनगट प्लॅस्टरमध्ये, खेळ एका हाताने

पावसाळ्यात आमच्या प्रभादेवीच्या वस्तीत नळाजवळची फरशी शेवाळाने गुळगुळीत होते. दर वर्षी तिथे कुणी ना कुणी घसरतेच. मागच्या जुलैत शेजारच्या मावशी पडल्या. वय अठ्ठावन्न. डाव्या हातात कळशी होती, ती सोडली नाही आणि सगळा भार उजव्या हाताच्या तळव्यावर घेतला. मनगटाच्या थोडे वर, अंगठ्याच्या बाजूचे हाड मोडले. पाळी गेल्यानंतर बायकांची हाडे ठिसूळ होत जातात आणि पडताना हात टेकला की नेमके हेच हाड मोडते. हाड बसवून प्लॅस्टर घातले आणि सहा आठवडे ठेवायला सांगितले.

तीन आठवड्यांनी मी त्यांना भेटायला गेले तेव्हा मावशी खाटेवर बसून होत्या. हात दिवसभर गळ्यातल्या झोळीत. बोटे सुजून वांग्यासारखी झालेली, खांदा वर जात नव्हता. मी विचारले, "मावशी, बोटं हलवता का?" त्या म्हणाल्या, "नको गं बाई, हाड सरकंल. सगळे म्हणतात हात हलवू नको."

अडचण इथेच होते. प्लॅस्टर मनगटाला थांबवण्यासाठी असते, पण माणसे अख्खा हात थांबवतात. बोटे, कोपर आणि खांदा यांना काही झालेले नसते. ते सहा आठवडे पडून राहिले, तर प्लॅस्टर निघाल्यावर मनगटापेक्षा बोटांचाच त्रास जास्त होतो. मूठ वळत नाही, भाकरी थापता येत नाही, केसांपर्यंत हात जात नाही. मी व्यवसायोपचाराचे, म्हणजे ऑक्युपेशनल थेरपीचे काम करते. हाताला पुन्हा कामावर आणायचे हाच आमचा धंदा, आणि त्यासाठी खेळ ही आमची जुनी युक्ती आहे. आपल्या शेजारच्या परळच्या केईएम रुग्णालयातच 1950 साली कमला निंबकर यांनी देशातली या विषयाची पहिली शाळा सुरू केली. त्या जन्माने अमेरिकन, लग्नानंतर इथल्या झाल्या. माणसाला नुसते "बोट वाकव, बोट उघड" सांगितले की तो चार वेळा करतो आणि कंटाळतो. हातात काम किंवा खेळ दिला की तेच तो दोनशे वेळा करतो आणि त्याला कळतही नाही.

मावशींच्या घरात कॅरमबोर्ड होता, नातवाचा. तिथूनच सुरुवात केली.

कॅरम मुळातच एका हाताचा खेळ आहे. टिचकी एकाच हाताने मारायची, आणि कोणत्या हाताने मारायची याचे बंधन नाही. तेव्हा डाव्या हाताने खेळायचे. सवय नसलेल्या हाताचा नेम सुरुवातीला वेडावाकडा जातो, म्हणून पहिले दोन-तीन दिवस कापून मारायच्या सोंगट्यांच्या नादी लागू नये. स्ट्रायकर आणि खड्डा यांच्या सरळ रेषेत असेल तीच सोंगटी मारावी. जोरही कमीच ठेवावा, कारण डाव्या हाताला जोर आणि दिशा एकदम सांभाळता येत नाही. मावशींचा नातू म्हणाला, "आज्जी, तू डाव्यानं खेळ, मीपण डाव्यानंच खेळतो." मग सामना बरोबरीचा झाला.

पण डाव्या हाताने खेळून उजव्या हाताला काय मिळाले? नुसते तेवढेच केले तर काहीच नाही. म्हणून आम्ही घरात एक नियम केला. खड्ड्यात गेलेली प्रत्येक सोंगटी मावशींनी प्लॅस्टरच्या हाताच्या बोटांनी उचलायची आणि बाजूच्या वाटीत टाकायची. नऊ काळ्या, नऊ पांढऱ्या आणि एक राणी, म्हणजे एका डावात एकोणीस वेळा बोटे उघडणार आणि मिटणार. सोंगटीचे वजन जेमतेम पाच ग्रॅम, त्यामुळे मोडलेल्या हाडावर भार येत नाही. आधी अंगठा आणि पहिले बोट, पुढच्या डावात अंगठा आणि मधले बोट, असे करत करंगळीपर्यंत जायचे. करंगळीने उचलणे मावशींना चार दिवस जमले नाही, पाचव्या दिवशी जमले. अर्थात आपल्या डॉक्टरांना आधी विचारावे. प्लॅस्टर बोटांच्या मुळाशी संपत असेल आणि बोटे पूर्ण वाकत असतील तरच हे करता येते. प्लॅस्टर बोटांवर आले असेल तर ते कापून मोकळे करून मागावे.

कॅरम खेळताना दोन गोष्टींवर लक्ष ठेवावे लागते. पहिली म्हणजे बसण्याची पद्धत. बोर्ड जमिनीवर ठेवून पुढे वाकून बसले की दुखरा हात मांडीशी लोंबकळतो. हात हृदयाच्या खाली लोंबला की पाणी बोटांत उतरते आणि अर्ध्या तासात बोटे टम्म होतात. म्हणून बोर्ड स्टुलावर घ्यावा आणि प्लॅस्टरचा हात शेजारी दोन उशांवर, छातीच्या उंचीला ठेवावा. खेळ बरोबर चालला आहे का हे बोटांच्या पेरांवरून कळते. पेरांवरच्या सुरकुत्या दिसत आहेत तोवर ठीक. सुरकुत्या पुसल्या गेल्या, कातडी ताणून चकाकायला लागली, की डाव तिथेच थांबवावा, हात डोक्यापर्यंत वर घ्यावा आणि मूठ उघड-मीट करावी. अंगठी आणि बांगड्या पहिल्याच दिवशी काढलेल्या असाव्यात. लग्नातली अंगठी आहे म्हणून ठेवली आणि शेवटी ती कापून काढावी लागली, असे मी पाहिले आहे.

दुसरी गोष्ट पावडरची. कॅरमची बोरिक पावडर हातावर राहते आणि प्लॅस्टरच्या आत खाज सुटली की तीच आत ओतायचा मोह होतो. तसे करू नये. घामाने पावडरचे गोळे होतात आणि ते कातडीला घासतात. पट्टी किंवा विणायची सुई आत घालून खाजवणे तर त्याहून वाईट, कारण आत झालेली जखम दिसत नाही, चिघळल्यावर वास येतो तेव्हाच कळते. खाज आली तर प्लॅस्टरवर बाहेरून बोटांनी टकटक करावी आणि पंख्याखाली बसावे.

आणि खेळ, जेवण, झोप सगळे सोडून रुग्णालयात जायचे ते केव्हा, हेही घरातल्या सगळ्यांना माहीत हवे. हात वर ठेवूनही दुखणे तासातासाला वाढत आहे, बोटे निळी, पांढरी किंवा गार पडली आहेत, मुंग्या येऊन बधिर झाली आहेत, किंवा दुसऱ्याने बोट हळूच सरळ केले तरी कळ निघते, तर प्लॅस्टर घट्ट झाले आहे. रात्रीचे दोन वाजले असले तरी सकाळची वाट पाहू नये.

कॅरम ज्यांना नको त्यांना बुद्धिबळ आहे. त्यात तर एका हाताचा नियमच आहे. प्रत्येक चाल एकाच हाताने करायची, किल्लेकोट करतानाही राजा आणि हत्ती एकाच हाताने हलवायचे, आणि ज्या हाताने चाल केली त्याच हाताने घड्याळ दाबायचे. म्हणजे प्लॅस्टरवाला माणूस स्पर्धेतही कुणापेक्षा मागे नाही. पहिल्या आठवड्यात दुखणे जास्त असते, टिचकीचा हिसकाही नको वाटतो, तेव्हा हाच खेळ बरा.

पत्त्यांची गोष्ट वेगळी. पिसायला एक हात आणि धरायला दुसरा लागतो. बदाम सातमध्ये चौघांत तेरा-तेरा पाने येतात, ती एका हाताने धरून त्याच हाताने टाकता येत नाहीत. यावर घरातलाच उपाय आहे. कपडे धुण्याचा ब्रश धुऊन, वाळवून, केस वर करून ठेवायचा आणि त्या केसांत पाने खोचायची. पाने उभी राहतात आणि समोरच्याला दिसत नाहीत. दोन ब्रश असले तर तेराही पाने सुटसुटीत मावतात. पिसण्यासाठी पाने चादरीवर उपडी पसरायची, तळव्याने गोल गोल फिरवायची आणि हाताच्या कडेने गोळा करायची. मावशींच्या दुपारच्या मंडळात आता सगळ्याच जणी असे पिसतात, कारण त्यात कुणाला पान लपवता येत नाही.

मोबाइलवरचे खेळ एका हाताने होतात हे खरे. पण तासन् तास एकाच अंगठ्याने खेळले की चांगल्या हाताच्या अंगठ्याची शीर मनगटाशी सुजते, आणि मग दोन्ही हात बसतात. फोन उशीवर टेकवून, पहिल्या बोटाने, वीस मिनिटे. त्यापुढे नको.

सहा आठवड्यांनी प्लॅस्टर निघाले. हात बारीक, कातडी कोरडी, मनगट लाकडासारखे. हे सगळ्यांचेच होते, घाबरू नये. मावशींची बोटे मात्र तोवर पूर्ण मिटत होती, म्हणजे निम्मे काम झाले होते. अडले होते ते तळहात वर करण्यात. प्रसाद घ्यायला किंवा ओंजळीत पाणी धरायला तळवा आकाशाकडे वळतो ना, तो वळत नव्हता. मनगटाच्या मोडीनंतर ही हालचाल बहुधा सगळ्यात उशिरा परत येते. दुकानदाराकडून सुटे पैसे घेताना हात तिरका राहतो आणि नाणी खाली पडतात.

ती किती अडली आहे हे घरी मोजता येते. दोन्ही कोपरे कमरेला चिकटवून बसायचे, दोन्ही मुठींत एक-एक पेन्सिल उभी धरायची आणि मुठी बाहेरच्या बाजूला वळवायच्या. चांगल्या हाताची पेन्सिल जवळजवळ आडवी होते. मावशींची उजवी पेन्सिल पहिल्या दिवशी निम्म्यावरच अडली. दर रविवारी हे पाहायचे ठरले.

यासाठी मला जो खेळ हवा होता तो मावशींनीच काढला. "लहानपणी गावाकडं सागरगोटे खेळायचो," त्या म्हणाल्या. मी मनात म्हटले, याहून चांगले यंत्र कुठल्या रुग्णालयात नसेल. सागरगोटा हे एका काटेरी वेलीचे करड्या रंगाचे, टणक, गोटीएवढे बी. जडीबुटीच्या दुकानात मिळते, नाही तर पाच गुळगुळीत खडे चालतात. हा खेळ पूर्णपणे एका हाताचा आहे. एक गोटा वर उडवायचा, तो खाली येण्याआधी जमिनीवरचा दुसरा उचलायचा आणि त्याच हाताने झेलायचा. मग दोन-दोन, मग तीन, मग चारही एकदम. त्यानंतर सगळे उडवून हाताच्या पाठीवर झेलायचे. यात बोटांची चिमूट आहे, मूठ आहे, तळवा वर करणे आहे आणि तळवा खाली करणेही आहे.

पण प्लॅस्टर निघाल्याच्या दिवशीच कुणी उडवाउडवी सुरू करू नये. आम्ही ते असे वाढवत नेले.

आधी दहा मिनिटे हात कोमट पाण्यात. मग मावशी खाटेवर बसल्या, उजव्या कोपरात आणि कमरेत एक गुंडाळलेला नॅपकिन धरला. हा नॅपकिन महत्त्वाचा. तळवा वळत नाही तेव्हा माणूस नकळत कोपर बाहेर काढतो, खांद्याने हात फिरवतो आणि हात वळला असे त्याला वाटते. नॅपकिन खाली पडला की चोरी पकडली गेली! पहिला आठवडा उडवणे नाहीच. एक गोटा उचलायचा, बोटांनी सरकवत तळव्यात न्यायचा, मग दुसरा, तिसरा, पाचही मुठीत साठवायचे. मग मूठ वर वळवायची, उघडायची, पाचही गोटे तळव्यावर क्षणभर न पडता राहिले पाहिजेत, आणि मग वाटीत ओतायचे. सुरुवातीला दोन गोटे घरंगळून जायचे. आठव्या दिवशी पाचही राहिले.

दुसऱ्या आठवड्यात उडवणे, पण वीतभरच उंच आणि गादीवर. दगडाऐवजी आधी चिंध्यांची छोटी गुंडाळी घेतली, कारण झेल चुकला आणि टणक गोटा मनगटाच्या हाडावर बसला तर जोरात लागते. तिसऱ्या आठवड्यापासून खरे सागरगोटे. हाताच्या पाठीवर झेलणे सगळ्यात शेवटी. त्यात मनगट मागे वळवून धरावे लागते आणि मावशींना ते जमायला महिना लागला. दिवसातून चार वेळा, दर वेळी दहा मिनिटे. एका बैठकीत तासभर खेळण्याचा उपयोग नाही, उलट सूज येते.

किती दुखले तर चालेल, हा प्रश्न मावशी रोज विचारायच्या. खेळताना ताण लागला, थोडे दुखले आणि तासाभरात शमले, तर ते योग्य आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी हात आदल्या दिवसापेक्षा जास्त सुजलेला आणि दुखरा असेल, तर जास्त झाले, त्या दिवशी निम्मेच खेळावे. आणि हात सतत जळजळतो, लाल किंवा चकचकीत होतो, नुसता पदर लागला तरी सहन होत नाही, असे झाले तर ते खेळाने अंगावर काढायचे दुखणे नव्हे. लगेच डॉक्टरांना दाखवावे. लवकर उपचार झाले तर ते आटोक्यात येते.

उजव्या हाताने कॅरम यानंतर. टिचकी मारताना मनगट स्थिर धरावे लागते आणि बोट उघडणाऱ्या शिरा मनगटाच्या पाठीवरून, मोडलेल्या हाडाला लागूनच जातात. म्हणून आधी सोंगटी नुसती बोटाने ढकलायची. मग टिचकीने, पण स्ट्रायकरऐवजी सोंगटीच मारायची. स्ट्रायकर पंधरा ग्रॅमपर्यंत असतो, सोंगटी त्याच्या तिसऱ्या हिश्शाची. आठवडाभर ते सुखाने जमले की स्ट्रायकर, जवळच्या खड्ड्यासाठी. डाव फोडणे शेवटी. आणि अंगठ्याने टिचकी मारायची ज्यांची सवय आहे त्यांनी ती सगळ्यात उशिरा सुरू करावी.

अंगठ्याचे कारण सांगते, कारण हे फारसे कुणी सांगत नाही. मनगट मोडल्यावर काही आठवड्यांनी, कधी दोन-तीन महिन्यांनीही, अंगठा वर उचलणारी शीर हाडाच्या खडबडीत भागावर झिजून तुटू शकते. हाड जराही न सरकलेल्या साध्या मोडीतही हे होते. बऱ्याचदा दुखतही नाही, एक दिवस टिचकीच बसत नाही एवढेच लक्षात येते. तपासायचे असे: तळवा टेबलावर सपाट ठेवा आणि फक्त अंगठा छताकडे उचला. काल उचलत होता आणि आज उचलत नाही, तर खेळून खेळून तो सुधारणार नाही. अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवायला हवे. शस्त्रक्रियेने ही हालचाल परत मिळू शकते.

वस्तीतल्या पोरांसाठी एक वेगळी सूचना. क्रिकेट किंवा कबड्डीत हातावर पडलात, एक्स-रे "नॉर्मल" आला, पण अंगठा ताठ केल्यावर त्याच्या मुळाशी जो खळगा पडतो तिथे दाबले की दुखते, तर मुरगळले म्हणून चोळायला जाऊ नका. तिथले छोटे हाड मोडलेले असू शकते आणि ते पहिल्या एक्स-रेत कधी कधी दिसत नाही. दहा ते चौदा दिवसांनी पुन्हा एक्स-रे काढतात, तोवर हात बांधून ठेवतात. त्या हाडाला रक्त कमी मिळते, दुर्लक्ष झाले तर ते जुळतच नाही. आणि प्लॅस्टर असताना "एका हाताने बोलिंग तरी टाकतो" म्हणून गल्लीत उतरू नका. पळताना तोल गेला की माणूस तोच हात पुन्हा टेकतो.

ज्यांच्या हाडात पट्टी आणि स्क्रू बसवले आहेत त्यांचे दिवस वेगळे असतात. त्यांना मनगट बरेच लवकर हलवायला सांगतात. लहान मुलांचे प्लॅस्टरही बहुधा लवकर निघते. तेव्हा मावशींचे आठवडे जसेच्या तसे आपल्याला लावू नयेत. खेळांचा क्रम तोच ठेवावा, दिवस आपल्या डॉक्टरांना विचारावेत. व्यवसायोपचाराची सोय केईएममध्ये आहे आणि हाजीअलीच्या अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्थेतही आहे. जाताना एक्स-रे आणि प्लॅस्टर घातल्याचा कागद न्यावा.

ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी मावशींची पेन्सिल डाव्या हाताएवढी नाही, पण दोन बोटे कमी इतकी आडवी झाली. भाकरी त्या थापू लागल्या आहेत. भरलेली कळशी अजून डाव्याच हाताने उचलतात, कारण जड वजनाला निदान तीन महिने तरी जाऊ द्यावेत असे त्यांना सांगितले होते. सागरगोट्यांचा संच मात्र त्यांच्याकडे राहिलेला नाही. गल्लीतल्या पोरींनी तो नेला आणि आता त्या मावशींनाच विचारायला येतात, चारही एकदम कसे उचलायचे म्हणून.